चामखीळ, लाल ठिपके आणि पाठीवरच्या रेषा

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या त्या गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून. वय चव्वेचाळीस, घरीच शिवणकाम करतात. त्यांनी ओढणी सोडली तेव्हा मानेच्या डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जखम दिसली. कडेनं काळपट, मध्ये पांढुरकी आणि ओलसर. "चामखीळ जाळायला गेले, मॅडम," त्या म्हणाल्या. "चुना आणि सोडा लावला. शेजारच्या वहिनींची त्यानं पडली होती."

ती चामखीळ तांदळाच्या दाण्याएवढी होती. तीन वर्षं होती तिथंच, दुखत नव्हती, खुपत नव्हती. एका लग्नात कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून "हे तपासून घे गं, कॅन्सरचं असतं असलं" असं म्हणालं आणि त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली. डॉक्टरकडे जायची भीती वाटली, म्हणून घरातच उपाय केला. त्वचेची डॉक्टर म्हणून मी रोज जे पाहते त्यात हे चित्र फार जुनं आहे. निरुपद्रवी खूण आणि तिच्यावर केलेला उपद्रवी इलाज.

आधी त्या चुना-सोड्याचं सांगते, कारण हा उपाय आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पानाला लावायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. कपडे धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही पाण्यात कालवले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि तयार होतो सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. म्हणजे आपण वाटीत घरगुती औषध नव्हे, दाहक रसायन बनवतो आणि काडीनं मानेवर ठेवतो. अल्कलीचं भाजणं आम्लाच्या भाजण्यापेक्षा फसवं असतं. आम्लानं त्वचेचा वरचा थर आळतो आणि तो थर काही प्रमाणात आम्लाला पुढं जाण्यापासून अडवतो. अल्कली मात्र त्वचेतली चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहते, आणि सुरुवातीला फारसं दुखत नसल्यानं माणूस ती पुसायलाही उठत नाही. या बाईंनी लेप रात्रभर ठेवला होता. असं कधी झालंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवावं. अल्कली मारायची म्हणून वर लिंबू पिळू नये, त्यानं जखम आणखी चिघळते.

जखमेवर मलमपट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि मग त्यांची मान नीट पाहिली. मोजून अकरा चामखिळी होत्या. काही मोहरीएवढ्या, दोन-तीन तांदळाएवढ्या, बारीक देठावर लोंबणाऱ्या, बोटानं हलवल्या की इकडून तिकडे डुलणाऱ्या.

इथं आपल्या भाषेचीच एक अडचण आहे. आपण 'चामखीळ' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. एक असते ती विषाणूमुळे येणारी, इंग्रजीत जिला वॉर्ट म्हणतात ती. ती खरखरीत असते, तिचा माथा फुलकोबीसारखा फाटलेला असतो, बोटांवर, नखांच्या कडेला, तळपायावर, दाढीच्या जागी येते. ती पसरते. दाढी करताना वस्तरा तिच्यावरून फिरला की त्याच रेषेत नव्या चामखिळी उगवलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. "चामखिळीचं रक्त लागेल तिथं नवी येते" ही समजूत बहुधा यातूनच आली असावी, आणि या जातीपुरतं तिच्यात तथ्य आहे.

दुसरी म्हणजे स्किन टॅग. मऊ, त्वचेच्याच रंगाची किंवा थोडी काळसर, देठावर लोंबणारी. कातडीची छोटीशी पिशवी आणि तिच्या आत सैल तंतू, थोडी चरबी आणि एक-दोन बारीक रक्तवाहिन्या, एवढाच तिचा संसार. तिच्यात पसरणारा विषाणू नसतो, ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, कापली तर बाजूला नव्या उगवत नाहीत. मान, काख, जांघ, स्तनाखालची घडी, पापण्या, जिथं कातडी कातडीवर किंवा कशावर तरी घासते तिथं ती येते. प्रौढ माणसांत ती इतकी सर्रास आढळते की तिला आजार म्हणणंच चुकीचं आहे. माझ्यासमोर बसलेल्या बाईंच्या मानेवर दिवसभर शिवणकामाची टेप लोंबकळत होती आणि मंगळसूत्र होतंच.

पण नुसत्या घासण्यानं अकरा येत नाहीत. मी त्यांना मान खाली घालायला सांगितली. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, कातडी काळी आणि जाडसर झाली होती. हात फिरवला तर मखमलीसारखी लागली. "तो मळ आहे हो, कितीही घासला तरी जात नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. डाळीचं पीठ आणि लिंबू लावून, शेवटी प्लॅस्टिकच्या घासणीनंही घासून झालं होतं.

तो मळ नव्हता. त्या काळ्या मखमली पट्ट्याला आम्ही अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतो, आणि चामखिळींबरोबर तो दिसला की डॉक्टरच्या मनात पहिला विचार साखरेचा येतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं. हे वर्षानुवर्षं चालू शकतं आणि त्या काळात साखरेचा रिपोर्ट जवळजवळ ठीकच येतो. मात्र रक्तात वाढलेलं इन्सुलिन त्वचेतल्या पेशींवर असलेली वाढीची कळही दाबतं. पेशी भराभर वाढतात, कातडी जाड आणि काळी होते, घासणाऱ्या जागी छोटे कोंब फुटतात. म्हणजे चामखिळींनी मधुमेह होत नाही, पण पुढं मधुमेहाकडे जाणारी वाट मानेवर आधी दिसू शकते.

त्यांच्याच पिशवीतली टेप मागून घेतली आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजली. अडतीस इंच. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर कंबर गेली की धोका वाढतो. पुरुषांसाठी ही मर्यादा ९० सेंटीमीटर आहे. उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली, ती ११२ आली. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.१ होती. ५.७ ते ६.४ ही तीच आधीची पायरी. त्यांना कुणी कधी साखर तपासायला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना काही त्रासच नव्हता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. मानेवर एक-दोन चामखिळी आहेत म्हणून घाबरून कुणी लॅबकडे पळायचं नाही. गरोदरपणात त्या येतात, वयानं येतात, काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येतात. पण पुष्कळ असतील, मान किंवा काख काळी मखमली झाली असेल, पोट सुटलं असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर एक रक्ततपासणी करून घेण्यात शहाणपण आहे.

जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी विचारलं, "आता बाकीच्या काढता येतील का?" काढता येतात, काढल्याच पाहिजेत असं मात्र नाही. टेप अडकते, दागिन्यात गुंतते, रक्त येतं, किंवा आरशात पाहून मन खट्टू होतं, यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. काढायचं काम साधं आहे. बधिर करणारं मलम लावून वर प्लॅस्टिक लावायचं आणि पाऊण ते एक तास थांबायचं. मोठी असेल तर बुडाशी बधिर करायचं छोटं इंजेक्शन द्यायचं. मग चिमट्यानं उचलून बारीक वाकड्या कात्रीनं देठ कापायचा. छोटीला एक-दोन थेंब रक्त येतं, कापसानं दाबलं की थांबतं. मोठीच्या बुडाला विजेच्या सुईनं, म्हणजे कॉटरीनं, हलका चटका द्यावा लागतो. अकरा चामखिळींना वीस मिनिटंही लागली नाहीत. खपल्या आठवडा-दहा दिवसांत पडतात. आपल्या सावळ्या त्वचेवर त्या जागी काळसर डाग काही महिने राहू शकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेचे वण फुगून वाढत असतील तर डॉक्टरला आधी सांगा. पापणीच्या कडेवरची चामखीळ डोळ्यांच्या डॉक्टरकडूनच काढून घ्या.

घोड्याच्या केसानं किंवा दोऱ्यानं चामखीळ बांधायची जुनी पद्धत आहे, तिच्याविषयी मला हमखास विचारतात. तिच्यामागचं तत्त्व खोटं नाही. देठ आवळला की आतली रक्तवाहिनी बंद होते, चामखीळ काळी पडते, सुकते आणि काही दिवसांत गळते. कधीकधी देठाला पीळ बसून ती आपोआपही अशीच काळी पडून गळते. पण घोड्याचा केस येतो तो तबेल्यातून, आणि धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत असतात. शिवाय दोरा बांधणारा माणूस हे ठरवू शकत नाही की समोरची गोष्ट चामखीळ आहे, तीळ आहे की आणखी काही. रुंद बुडाच्या गाठीला दोरा बांधला तर ती अर्धी मरते, सडते आणि पू होतो. बिब्ब्याचं तेल लावणारेही अजून भेटतात. बिब्ब्यानं मानेवर आणि चेहऱ्यावर असे फोड उठतात की चामखीळ बरी होती म्हणायची वेळ येते. ऑनलाइन मिळणाऱ्या 'टॅग रिमूव्हर' थेंबांतही बहुतेक वेळा कातडी जाळणारं आम्लच असतं, आणि अशा घरगुती वापराच्या एकाही औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्यता दिलेली नाही.

मग काय पाहून डॉक्टरकडे यायचं? चामखीळ मऊ असते, एकाच रंगाची असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. गाठ कडक असेल, आठवड्यांत वाढत असेल, तिच्यात दोन-तीन रंग असतील, कडा वेड्यावाकड्या असतील, धक्का न लागता रक्त येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर ती चामखीळ समजून बसू नका. आणि काळ्या तिळातून होणारा मेलॅनोमा हा कॅन्सर आपल्याकडे मानेवर क्वचित, पण तळपायावर किंवा नखाखाली तुलनेनं जास्त दिसतो. ज्या जागी माणूस कधी पाहतच नाही, तिथं.

चामखिळी काढताना बाईंनी पाठ आणि पोट दाखवलं. "आणि हे लाल तीळ? हे तर वाढतच चाललेत." पोटावर आणि छातीखाली दहा-बारा टपोरे ठिपके होते, डाळिंबाच्या दाण्यासारखे गर्द लाल, टाचणीच्या डोक्यापासून मसुराएवढे. यांना चेरी अँजिओमा म्हणतात. त्वचेतल्या केशवाहिन्या एका जागी वाढून त्यांचा गुच्छ होतो आणि वरच्या पातळ कातडीतून आतलं रक्त दिसतं, बस एवढंच. तिशीनंतर यायला लागतात आणि वयाबरोबर वाढत जातात. सत्तरीच्या माणसाच्या पोटावर एकही नसेल तर उलट नवल.

कॅन्सरशी यांचं नाव जोडलं गेलं त्याला इतिहास आहे. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले शल्यविशारद कॅम्पबेल डी मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकात कॅन्सरच्या रुग्णांच्या अंगावर हे ठिपके पाहिले आणि त्यांचा संबंध कॅन्सरशी लावला. कॅन्सरच्या उगमावरचं त्यांचं पुस्तक १८७२ मधलं आहे. आजही इंग्रजी वैद्यकात या ठिपक्यांना त्यांचंच नाव आहे. चूक निरीक्षणात नव्हती, अर्थ लावण्यात होती. त्यांच्याकडे येणारे रुग्ण वयस्क होते, आणि वयस्कांच्या अंगावर हे ठिपके असतातच, कॅन्सर असो वा नसो. निरोगी म्हाताऱ्यांची पोटं तपासली असती तर तिथंही ते दिसलेच असते.

ठिपका खरवडला गेला तर त्याच्या आकाराच्या मानानं बरंच रक्त येतं आणि माणूस घाबरतो. स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरलं की थांबतं. नको असेल तर कॉटरीनं किंवा लेझरनं काढता येतो. एखादा ठिपका अचानक काळा पडला तर आत रक्त गोठलेलं असू शकतं, पण ते नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. डर्मोस्कोपनं पाहून घ्यावं.

लाल ठिपक्यांच्या बाबतीत खरी गल्लत होते ती पावसाळ्यात, डेंगीच्या दिवसांत. ताप येऊन तीन-चार दिवस झालेत आणि पायांवर, दंडांवर बारीक लाल ठिपके उठलेत, तर ते रक्तस्रावाचे असू शकतात. हे ठिपके सपाट असतात, बोट फिरवलं तर लागत नाहीत. एक-दोन दिवसांत झुंडीनं येतात, आणि पारदर्शक पेला दाबून धरला तरी फिके पडत नाहीत. चेरी अँजिओमा बोटाला थोडा उंच लागतो आणि महिनोन्‌महिने तिथंच असतो. पेल्याची चाचणी एकटी पुरेशी नाही, कारण काही अँजिओमाही दाबून फिके पडत नाहीत. ताप, अचानकपणा आणि सपाटपणा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या. त्यात हिरड्यांतून रक्त, काळी शी किंवा पोटात जोराचं दुखणं असेल तर सकाळची वाट पाहू नका. या बाईंना ताप नव्हता आणि ठिपके पाच वर्षांचे होते. मी वहीत नोंद केली आणि पुढं गेले.

पुढच्या खेपेला त्या मुलाला घेऊन आल्या. सोळा वर्षांचा, गेल्या वर्षभरात नऊ सेंटीमीटर उंच झालेला. शर्ट वर केला तर कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या लालसर रेषा, एकाखाली एक, सात-आठ. छडीचे वळ उठावेत तशा. शाळेत कबड्डीच्या वेळी सरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी मारतात का? आईला ते इतकं लागलं होतं की सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

त्या रेषा स्ट्रेच मार्क्स होत्या. त्वचेचं वरचं आवरण शाबूत असतं, त्याखालच्या थरातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटतात. गोधडीचं वरचं लुगडं धड असावं आणि आतल्या थराचे टाके उसवावेत, तसं. म्हणून बोट फिरवलं तर ती जागा किंचित खोलगट लागते. ताण ज्या दिशेनं पडतो त्याला आडवी रेष उमटते. मुलगा उभा वाढतो, म्हणून पाठीवर आडव्या रेषा येतात. गरोदर बाईचं पोट रुंदीत ताणलं जातं, म्हणून तिथं त्या उभ्या दिसतात. सुरुवातीला लाल-जांभळ्या असतात, कधी खाजतात, आणि वर्ष-दोन वर्षांत पांढुरक्या, चकाकत्या होतात. मी सरांसाठी एका कागदावर हे लिहून दिलं. सरांनी विचारलं ते योग्यच केलं, असंही त्या कागदावर लिहिलं.

आई खोलीबाहेर गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, खालीपण आहेत." दोन्ही जांघांत बोटाएवढ्या रुंद, गडद जांभळ्या पट्ट्या होत्या, आणि कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. या उंची वाढल्यानं आलेल्या नव्हत्या. "काही लावत होतास?" पाच महिन्यांपासून. जांघेत गजकर्ण झालं, मेडिकलच्या दुकानातून मलम आणलं, दोन दिवसांत खाज थांबली. लावायचं सोडलं की परत खाज, म्हणून लावतच राहिला. ट्यूब खिशात होती. त्यावर तीन नावं होती, एक बुरशीवरचं औषध, एक प्रतिजैविक आणि तिसरं क्लोबेटासोल.

क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. ते खाज झटकन थांबवतं, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळं बुरशी आत आरामात पसरते, आणि त्वचेतल्या पेशींचं कोलॅजन बनवण्याचं कामही ते थांबवतं. जांघेची आणि काखेची कातडी आधीच पातळ, घामट आणि घडीत झाकलेली. तिथं मलम कित्येक पटीनं जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांत कातडी विरते आणि चालताना पडणाऱ्या साध्या ताणानंही तंतू तुटतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं या गैरवापराविरुद्ध खास कृतिदल नेमलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती तरीही सर्रास विकली जातात.

त्या मुलाला ट्यूब बंद करायला लावली, बुरशीवरच्या गोळ्या आणि साधं मलम काही आठवडे दिलं, टॉवेल वेगळा करायला आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. स्टेरॉइड सोडल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळते, हे त्याला आधीच सांगून ठेवलं. नाहीतर माणूस परत त्याच ट्यूबकडे वळतो.

रेषा जातील का, या प्रश्नाला सरळ उत्तर देते. पूर्ण जात नाहीत. लाल असताना ट्रेटिनॉइन मलमानं किंवा लेझरनं त्या बऱ्याच फिक्या होऊ शकतात. पांढऱ्या झाल्यावर सुयांचं मायक्रोनीडलिंग किंवा लेझर यांनी थोडा फरक पडतो, पण खर्च मोठा आणि बैठका अनेक. ट्रेटिनॉइन गरोदरपणात किंवा मूल हवं असताना लावायचं नाही. गरोदरपणी पोटाला लावायच्या क्रीमविषयी मैत्रिणी, दुकानदार आणि जाहिराती सगळे बोलतात. कॉक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये अशा लेपांच्या सहा चाचण्या, सुमारे आठशे बायकांवर झालेल्या, एकत्र तपासल्या. कुठल्याही लेपानं रेषा येणं टळतं असं त्यांना आढळलं नाही. खोबरेल तेलानं कोरडेपणा आणि खाज कमी होते, तेवढ्यासाठी जरूर लावा. महागडी डबी रेषा अडवेल म्हणून घेऊ नका. कुणाला रेषा येतात आणि कुणाला नाही, यात घराण्याचा वाटा मोठा असतो. आईला असतील तर मुलीला यायची शक्यता जास्त.

वाढीचं वय नाही, गरोदरपण नाही, वजन एकदम वाढलेलं नाही, कुठलं मलम किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या नाहीत, आणि तरी पोटावर सेंटीमीटरहून रुंद जांभळ्या पट्ट्या उठल्या असतील, चेहरा गोल होत असेल, जरा लागलं की काळंनिळं पडत असेल, जिना चढताना मांड्यांत ताकद नसेल, तर मात्र कुशिंग नावाचा विकार तपासावा लागतो. त्यात शरीरच जास्त कॉर्टिसोल बनवतं. विरळ आहे, पण तो रेषांवरूनच आधी लक्षात येऊ शकतो.

आठ महिन्यांनी त्या बाई परत आल्या. रोज संध्याकाळी पाऊण तास चालतात, वजन साडेचार किलोनं उतरलंय, एचबीए१सी ५.६ आहे. मानेमागचा काळेपणा निम्म्यावर आला आहे, कसलीही घासणी न लावता. त्यांच्या मुलाच्या पाठीवरच्या रेषा पांढऱ्या पडू लागल्या आहेत. जांघेतल्या फिक्या होतील, पण राहतील. बाईंच्या मानेवर डाव्या बाजूला चुन्या-सोड्यानं भाजल्याचा वणही राहील. अकरा चामखिळी होत्या तिथं मात्र आता बोट ठेवून दाखवावं असं काही उरलेलं नाही.

हा लेख खाली ठेवाल तेव्हा घरातल्या औषधांच्या डब्यातली खाजेची ट्यूब काढा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं आणि ती डॉक्टरनं लिहून दिलेली नसेल, तर ती पुन्हा कुणाच्या अंगाला लागू देऊ नका, आणि कुणी ती आधीपासून लावत असेल तर त्याला ट्यूबसकट डॉक्टरकडे घेऊन जा.